ग्रेड पद्धतीने पुराव्याची खात्री कशी ठरवायची: पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

पद्धतशीर आढाव्यात आकडे एकत्र करून झाले की ते कितपत धरून चालायचे, हे ठरवावे लागते. ग्रेड पद्धतीत त्यासाठी चार पायऱ्या आहेत: उच्च, मध्यम, कमी आणि अतिशय कमी. ही श्रेणी एकेका अभ्यासाला किंवा सबंध आढाव्याला द्यायची नसते, प्रत्येक परिणामाला वेगळी द्यायची असते. एकाच आढाव्यात मृत्यूबद्दलचा पुरावा उच्च आणि वेदनेबद्दलचा कमी असू शकतो.

सुरुवात कुठून

यादृच्छिक चाचण्यांचा पुरावा ‘उच्च’पासून सुरू होतो, निरीक्षणात्मक अभ्यासांचा साधारणपणे ‘कमी’पासून. मग पाच कारणांनी श्रेणी उतरू शकते: पूर्वग्रहाचा धोका, निष्कर्षांमधील विसंगती, अप्रत्यक्षता, अंदाजातील अचूकतेचा अभाव आणि प्रकाशनातला पक्षपात. दोष गंभीर असेल तर एक पायरी, फारच गंभीर असेल तर दोन.

हाताशी काय हवे

आढाव्याचा लिखित प्रश्न, प्रत्येक चाचणीचे पूर्वग्रह-मूल्यमापन, प्रत्येक चाचणीचे वजन दाखवणारा फॉरेस्ट प्लॉट आणि नियंत्रण गटातला मूळ धोका. याखेरीज एक आकडा निकाल पाहण्याआधी लिहून ठेवा: किती फरक पडला तर तो रुग्णासाठी महत्त्वाचा मानायचा. हा उंबरठा नंतर ठरवला, तर तो निकालाकडे पाहूनच ठरतो, म्हणून मी यावर अडून बसतो.

एक उदाहरण

समजा, नियोजित शस्त्रक्रियेनंतर जखमेत होणारा संसर्ग एखाद्या औषधाने टळतो का, असा प्रश्न आहे. सहा यादृच्छिक चाचण्या, दोन्ही गटांत मिळून २,४०० रुग्ण. औषधाविना १,००० पैकी १०० जणांना संसर्ग होतो. सापेक्ष धोका ०.८०, आणि ९५ टक्के विश्वास मध्यांतर ०.६२ ते १.०३. उंबरठा आधीच ठरला आहे: हजारात किमान १५ संसर्ग कमी व्हायला हवेत.

आधी पूर्वग्रह. दोन चाचण्यांत जखम तपासणाऱ्यांना कोणाला औषध मिळाले हे ठाऊक होते. संसर्ग आहे की नाही हा बराचसा नजरेचा निर्णय असतो, त्यामुळे हा दोष इथे बोचतो. परिणाम मृत्यू असता, तर तोच दोष फारसा बिघडवणारा नसता. सदोष चाचण्या किती आहेत यापेक्षा त्यांचे वजन किती हे पाहा. इथे ते ४५ टक्के आहे, आणि त्या वगळल्यावर सापेक्ष धोका ०.९० होतो. म्हणजे फायदा हजारात २० वरून १० वर, उंबरठ्याच्या खाली. एक पायरी उतरवा.

आता अचूकता. सापेक्ष आकड्यावर थांबू नका, तो हजारी हिशेबात आणा. ०.८० म्हणजे २० संसर्ग कमी; मध्यांतराची टोके म्हणजे ३८ कमी ते ३ जास्त. एका टोकाला भरघोस फायदा, दुसऱ्या टोकाला किंचित नुकसान, आणि १५ चा उंबरठा मधोमध. रुग्णसंख्याही अपुरी आहे: १० टक्क्यांवरून ८ टक्के हा फरक ८० टक्के शक्यतेने पकडायला एकाच चाचणीत सुमारे ६,४०० रुग्ण लागले असते. आणखी एक पायरी खाली. ‘मध्यांतर १ ओलांडते म्हणून उतरवले’ एवढेच कारण मला अपुरे वाटते. तेच मध्यांतर हजारात ४ कमी ते ३ जास्त असे निघाले असते, तर औषधाने उल्लेखनीय फरक पडत नाही हे नेमकेपणाने कळले असते आणि अचूकतेसाठी उतरवण्याची गरज नव्हती.

अप्रत्यक्षतेसाठी प्रश्न आणि चाचण्या शेजारी ठेवा. रुग्ण, उपचार, तुलना, परिणाम जुळतात, म्हणून इथे काही उतरवायचे नाही. तोच पुरावा तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी वापरायचा असेल तर मात्र विचार करावा लागेल. तिथे नुसता मूळ धोका जास्त असणे हे कारण पुरत नाही, कारण तो हिशेबात बदलता येतो. दूषित जखमेत औषधाचा सापेक्ष परिणामच वेगळा असण्याची शक्यता पटत असेल, तर आणखी एक पायरी उतरते.

विसंगती आणि प्रकाशनाचा पक्षपात या उदाहरणात नाही असे धरू. नियोजित शस्त्रक्रियेसाठी श्रेणी ‘कमी’, तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी ‘अतिशय कमी’.

नोंद कशी करायची

दोघांनी स्वतंत्रपणे ठरवावे, मग मतभेद मिटवावेत. एकच दोष दोन खान्यांत मोजू नये; दोन दोष काठावरचे असतील तर मिळून एकच पायरी उतरवून तसे लिहावे. सारांश तक्त्याच्या तळटिपेत प्रत्येक उतरणीचे कारण आकड्यासह हवे: ‘४५ टक्के वजन असलेल्या दोन चाचण्यांत तपासनीसांना गट ठाऊक, त्या वगळल्यास फायदा उंबरठ्याखाली.’ निष्कर्षाचे क्रियापदही श्रेणीप्रमाणे बदलते. उच्च असेल तर ‘औषध संसर्ग कमी करते’, मध्यम असेल तर ‘बहुधा कमी करते’, आपल्या ‘कमी’ श्रेणीसाठी ‘कमी करत असू शकते’, आणि अतिशय कमी असेल तर ‘परिणामाबद्दल पुरावा फार अनिश्चित आहे’.