डॉलरचा सौदा मिटतो कोणत्या दराने? एफबीआयएल संदर्भ दर आणि करन्सी फ्युचर खात्याची प्रक्रिया

बँकेच्या काउंटरवरचा डॉलरचा दर दिवसभरात अनेकदा बदलतो आणि दोन बँकांचा दर सारखा नसतो. त्यामुळे ‘महिनाअखेरच्या डॉलरच्या भावाने हिशेब करू’ एवढंच लिहिलेला करार भांडणाला आमंत्रण देतो. दोन्ही पक्षांपैकी कुणाच्याही हातात नसलेला, दिवसातून एकदाच ठरणारा दर लागतो. भारतात तो फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया, म्हणजे एफबीआयएल, जाहीर करते. 10 जुलै 2018 पूर्वी हे काम रिझर्व्ह बँक करत असे. म्हणूनच जुन्या करारांत अजून ‘आरबीआय संदर्भ दर’ असे शब्द सापडतात. नूतनीकरणाच्या वेळी ते बदलून घ्यावेत.

दर ठरतो असा: सकाळी 11:30 ते दुपारी 12:30 या तासातली 15 मिनिटं यादृच्छिक पद्धतीने निवडली जातात. त्या वेळात बँकांमध्ये झालेल्या प्रत्यक्ष डॉलर-रुपया सौद्यांतून, विसंगत दर वगळून, सरासरी काढतात. 15 मिनिटं कोणती हे आधी कळत नसल्याने नेमक्या क्षणी मोठा सौदा करून दर हलवणं अवघड होतं. साधारण दीडच्या सुमारास दर येतो, चार दशांश स्थळांपर्यंत. fbil.org.in वर तो पाहता येतो. युरो, पौंड आणि येन यांचेही दर असतात, पण येनचा दर 100 येनचा असतो. एक्सेलमध्ये तो तसाच गुणला की रक्कम शंभरपट होते.

डॉलर-रुपया फ्युचर म्हणजे पुढच्या ठरावीक तारखेसाठी डॉलरचा दर आजच बांधून घेण्याचा एनएसई-बीएसईवरचा करार. त्याची अखेरची सेटलमेंट याच दराने होते. खातं उघडण्यासाठी सेबी-नोंदणीकृत ब्रोकरकडे करन्सी डेरिव्हेटिव्ह विभाग सुरू करून घ्यावा लागतो. त्यासाठी पॅन, पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला धनादेश आणि उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो. उत्पन्नासाठी आयकर विवरणपत्र किंवा सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट सहसा चालतं. अर्ज अडकतो तो बहुधा पॅन आणि बँक खात्यावरच्या नावातल्या फरकामुळे, नाहीतर उत्पन्नाचा पुरावा जोडायचा राहिल्यामुळे.

पात्रतेचा मुद्दा जास्त महत्त्वाचा. मे 2024 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे: परकीय चलनाची खरी जोखीम असेल तरच रुपयाशी जोडलेला सौदा करायचा. सर्व एक्स्चेंज मिळून 10 कोटी डॉलरपर्यंत कागद आधी दाखवावे लागत नाहीत, पण ‘दाखवावे लागत नाहीत’ म्हणजे ‘नसले तरी चालतात’ असं नव्हे. खरेदीदाराची ऑर्डर, इन्व्हॉइस, शिपिंग बिल आणि आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, एका फाइलमध्ये ठेवावं.

आता हिशेब पाहू. इचलकरंजीच्या एका कापड निर्यातदाराला महिनाअखेर 20,000 डॉलर यायचे आहेत, असं समजू. एक लॉट 1,000 डॉलरचा, म्हणून त्याने 84.5000 दराने 20 लॉट विकले. एक्स्पायरी, म्हणजे करार संपण्याची तारीख, महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसाच्या दोन कामाचे दिवस आधी असते आणि त्या दिवशी सौदे 12:30 ला थांबतात. त्या दुपारी संदर्भ दर 84.1250 आला. फरक 0.3750 रुपये, म्हणजे 20,000 डॉलरवर 7,500 रुपये नफा. तो एकरकमी येत नाही, रोजच्या मार्क-टू-मार्केटमधून, म्हणजे त्या दिवसाच्या बाजारभावाने होणाऱ्या नफा-तोट्याच्या हिशेबातून, जमा होत जातो. मधल्या काळात डॉलर चढला तर तेवढेच पैसे रोज भरावे लागतात. तेव्हा खात्यात रक्कम नसेल तर ब्रोकर सौदा कापतो आणि संरक्षण अर्ध्यावर संपतं.

त्याच दिवशी आलेले डॉलर बँकेने 84.0100 ने घेतले, असं धरू. हाती 16,80,200 रुपये, त्यात 7,500 मिळवले की 16,87,700. ब्रोकरेज सोडून प्रत्यक्ष दर पडला 84.3850. ठरवलेल्या 84.50 मधले साडेअकरा पैसे गेले कुठे? संदर्भ दर आणि बँकेचा खरेदी दर यांच्यातला तो फरक आहे. संदर्भ दर सौदा मिटवण्यासाठी आहे, त्या दराने डॉलर घ्यायला बँक बांधील नसते. फ्युचरने ही 11.5 पैशांची फट भरून निघत नाही. ती बँकेशी घासाघीस करूनच कमी होते. पैसे एक्स्पायरीनंतर आठवड्याने आले तर मधल्या चढउताराची जोखीमही पुन्हा अंगावर येते.

सिंगापूर-लंडनमध्ये रुपयावरचे एनडीएफ, म्हणजे नॉन-डिलिव्हरेबल फॉरवर्ड, सौदेही याच दराकडे बघतात. तिथे रुपया हातात येत नाही, ठरलेला दर आणि फिक्सिंग, म्हणजे हिशेबासाठी धरलेला संदर्भ दर, यांतला फरक डॉलरमध्ये चुकता होतो. फिक्सिंग सेटलमेंटच्या दोन दिवस आधी होतं. जागतिक निर्देशांकांमागे चालणारे फंड मात्र बहुतेक लंडनच्या दुपारी 4 च्या दराला धरतात. निर्देशांकाचं मूल्य त्याच दराने मोजलं जात असल्याने दुसरा दर वापरला तर फंड विनाकारण मागे-पुढे दिसतो. तिथे 2015 पर्यंत मोजमापाची खिडकी एकच मिनिटाची होती. दर हलवल्याची प्रकरणं बाहेर आल्यावर ती पाच मिनिटांची केली.

आपल्या करारात कलम लिहिताना चार गोष्टी याव्यात: दर कोणाचा, कोणत्या तारखेचा, किती दशांश, आणि त्या दिवशी दर जाहीर झाला नाही तर काय. शनिवार-रविवारी आणि सुट्टीला दर येत नाही. नमुना असा:

‘देय रक्कम एफबीआयएलने देय तारखेच्या दोन कामाचे दिवस आधी जाहीर केलेल्या अमेरिकी डॉलर-रुपया संदर्भ दराने, चार दशांशांपर्यंत, मोजली जाईल. त्या दिवशी दर जाहीर न झाल्यास लगतच्या आधीचा जाहीर दर लागू राहील.’