शिळी ओळ आणि उचललेली ओळ

आमच्या झाडीपट्टीत पावसाळा लागला, रोवणी आटोपली की नाटकांची गाणी लिहिणं सुरू होतं. दिवाळीनंतर गावात मंडई म्हणजे जत्रा भरते, नाटकं उभी राहतात, त्याआधी गाणी तयार पाहिजेत. मग कुणीतरी वही घेऊन येतो, आम्ही ओसरीत बसतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या कडव्याला कुणीतरी म्हणतंच, "हे तं आयकल्यासारखं वाटते."

इथून पुढं जो गोंधळ होतो त्याचा मला वीट आला आहे. ऐकल्यासारखं वाटलं की काही जण अख्खं कडवं खोडतात. काही जण नेमक्या दोन शब्दांच्या जागी जड शब्द घालून मोकळे होतात. आणि काही जण ठणकावतात, "शब्द काय कोणाच्या बापाचे हायेत?" तिघांचीही चूक एकच आहे. ऐकल्यासारखं वाटण्याची कारणं दोन असतात, आणि ती एकमेकांच्या जवळचीही नाहीत. एक तर ओळ शिळी असते, किंवा ती कुणाची तरी उचललेली असते.

शिळी ओळ सगळ्यांना ठाऊकच आहे. काळी आई, जगाचा पोशिंदा, घामाचे मोती, चंद्रमौळी झोपडी, गळकं छप्पर. यांना मालक नाही. कुणीही वापरावी, चोरीचा प्रश्नच येत नाही. प्रश्न फक्त चवीचा.

उचललेली ओळ ओळखणं मात्र कठीण, कारण बहुतेक वेळा तिच्यात मूळ गाण्यातला एकही ठळक शब्द नसतो. इथंच सगळे फसतात.

एक खरंखुरं कडवं घेऊ. नाटकातला शेतकरी घर विकायला नकार देतो, तेव्हा म्हणायचं गाणं. लिहिणारा पोरगा हुशार आहे, वृत्तात चोख लिहितो. त्याचा पहिला खर्डा असा होता:

माडीत पाटलाला, जो गारवा न आला,
तो आयता मिळाला, या खोपटीत माझ्या.

विदर्भात वाढलेल्या माणसाला शेवटचे तीन शब्द येईपर्यंतसुद्धा थांबावं लागणार नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं "राजास जी महाली, सौख्ये कधी मिळाली, ती सर्व प्राप्त झाली, या झोपडीत माझ्या" हे भजन आपण शाळेत, सामुदायिक प्रार्थनेत, खंजिरीवर, लाउडस्पीकरवर लहानपणापासून ऐकत आलो. पण त्या पोराला खरोखरच दिसलं नव्हतं. तो म्हणाला, "गुरुजी, राजा नाही, महाल नाही, झोपडी नाही. घेतलं काय मंग?"

त्याचं म्हणणं शब्दांपुरतं बरोबर होतं. शब्द खरंच वेगळे आहेत. मग घेतलं काय, ते एकेक करून पाहू.

पहिलं, वृत्त. दोन्ही ओळी गागाल गालगागा अशा चालतात. याला आनंदकंद म्हणतात. हे घेतलं म्हणून मी कुणाला दोष देणार नाही. वृत्त सामाईक असतं. "सारे जहाँ से अच्छा" हे इक्बालांचं 1904 सालचं गीत याच लयीत बसतं, म्हणून कुणी तुकडोजी महाराजांनी ते उचललं असं म्हणत नाही. तेव्हा "चालीत बसते म्हणजे चोरी" ही तक्रार मी ऐकूनसुद्धा घेत नाही.

दुसरं, विषय. गरिबाच्या घरातलं सुख. हाही कुणाच्या मालकीचा नाही. कायदासुद्धा कल्पनेला संरक्षण देत नाही, ती ज्या रीतीनं मांडली त्या मांडणीला देतो.

तिसरं, ते वळण. खरा माल इथं आहे. मूळ कडव्यात आधी मोठ्या घराचं नाव येतं, मग तिथलं सुख, मग "ते सगळं इथं मिळालं" असा पलटा, आणि पलट्याच्या टोकाला घराचं नाव व "माझ्या". पोराच्या कडव्यात आधी माडी, मग तिथल्या माणसाला न लाभलेला गारवा, मग "तो इथं मिळाला" हा पलटा, आणि टोकाला खोपटी व "माझ्या". यमकाचीही जागा तीच: तीन तुकडे एकमेकांशी जुळतात आणि चौथा मोकळा राहून ध्रुवपदात पडतो. वृत्त, वळण, यमकाची घडी आणि ध्रुवपदाची जागा एकेकटी तपासली तर प्रत्येक निरुपद्रवी आहे. चारही एका कडव्यात एकत्र आली की ते गाणं एकाच माणसाचं असतं.

म्हणून शब्द बदलून काही होत नाही. खोपटीऐवजी "कुटी" घाला, माडीऐवजी "प्रासाद" घाला, ऐकणारा ते मनातल्या मनात मूळ शब्दांत परत नेतो. उलट असे जड शब्द घातले की चोरी लपत नाही आणि गाणं मात्र बिघडतं. झाडीतला शेतकरी "प्रासाद" म्हणेल तर पेंडॉलमध्ये हशा पिकेल.

हे होतं कसं? गाणं पाठ होतं तेव्हा शब्दांच्या आधी लय आणि ध्रुवपदाची जागा डोक्यात बसते. वर्षांनी शब्द पुसट होतात, पण लय आणि जागा शाबूत राहतात. मग लिहिताना हात त्या रिकाम्या जागा भरत जातो आणि वाटतं की सुचतंय. एखादं कडवं कुठंही न अडखळता, यमकासकट, पहिल्याच झटक्यात उतरलं तर मी आनंदाआधी संशय घेतो.

आता तपासायचं कसं. मी दोनच गोष्टी करतो.

एक म्हणजे कडव्याचं गद्य करायचं. चाल सोडा, यमक सोडा, ओळ साध्या वाक्यात सांगा: "श्रीमंताला त्याच्या मोठ्या घरात जे मिळालं नाही, ते मला माझ्या लहान घरात मिळालं." मग ज्या गाण्याचा संशय आहे त्याच्या कडव्याचंही असंच गद्य करा. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली आणि वळण त्याच ठिकाणी येत असेल तर ती उचल आहे. दुसऱ्या कडव्याचंही गद्य करा. एक कडवं जुळलं तर योगायोग म्हणता येतो, दोन जुळली तर नाही. या पोराच्या दुसऱ्या कडव्यात पाटलाच्या दाराला कुलूप होतं आणि याच्या दाराला कडीही नव्हती. महाराजांच्या भजनात पहारे आणि तिजोऱ्या असूनही चोऱ्या होतात आणि झोपडीच्या दाराला दोरीही नाही. विषय मिटला.

दुसरी म्हणजे अर्धी ओळ मोठ्यानं म्हणायची, चालीवर नाही, सपाट आवाजात, आणि समोरच्यांना पुरी करू द्यायची. "घामाचे..." म्हटलं तर कुणी मोती म्हणतो, कुणी थेंब, कुणी दाम. ती शिळी. "माडीत पाटलाला" म्हटल्यावर मात्र भजनी मंडळातले सगळे एकाच गाण्याकडे गेले. ती उचललेली. यासाठी माणसं वेगवेगळ्या वयाची पाहिजेत. सगळे एकाच वयाचे असले की त्यांच्या लहानपणची गाणीच सापडतात, बाकीची निसटतात.

मोबाइलवर शोधून पाहणारे बरेच आहेत. शोधा, पण भरवसा ठेवू नका. शोध शब्द जुळवतो, वळण जुळवत नाही, म्हणून वरच्या खर्ड्यावर त्याला काही मिळणार नाही. शिवाय देवनागरीत "ताऱ्यांकडे" यातला ऱ्य दोन पद्धतींनी टाइप होतो, दिसायला जवळजवळ सारखा, पण अवतरणात घालून नेमका शोध घेतला तर एक सापडतो आणि दुसरा सुटू शकतो. त्यात आपण लिहिणार झाडीबोलीत आणि मूळ छापलेलं असणार प्रमाण मराठीत. काही मिळालं नाही याचा अर्थ ओळ नवी आहे असा होत नाही.

आता दुरुस्ती. शिळ्या ओळीत एक शब्द बदलला तरी भागतं. उचललेल्या ओळीत वळणच मोडावं लागतं, आणि त्यासाठी कडवं बाजूला ठेवून पात्राकडे परत जावं लागतं. मी पोराला विचारलं, "हा माणूस घर का विकत नाही?" तो म्हणाला, विकायला उरलंच काय आहे, अर्धं घर आधीच गेलं. हेच तर लिहायला पाहिजे होतं. मोठ्या घराशी तुलना गेली, सुखाची यादी गेली, आणि "माझ्या"वर टेकणारं ध्रुवपद आपोआप सुटलं. वृत्तही मुद्दाम बदलायला लावलं, कारण आनंदकंदात बसला की हात पुन्हा त्याच जागी जातो. दुसरं कडवं असं आलं:

एक खांब गेला लेकीच्या लग्नात,
कवेलू गेले दवाखान्याच्या दारी,
उरलं ते टेकलं भावाच्या भिंतीला,
भिंतही भावाची, सावली उधारी.

याचं गद्य: घर तुकड्यातुकड्यानं खर्च झालं आणि उरलेलं उसन्या आधारावर उभं आहे. त्या भजनात घर भरलेलं आहे, इथं ते रिकामं होत चाललं आहे. मंडळातल्या म्हाताऱ्यांसमोर अर्धी ओळ म्हटली तर कुणालाच ती पुरी करता आली नाही. एकानं फक्त विचारलं, "कोणाच्या घरचं हाये हे?" तेवढं मला पुरलं.

चालीवर लिहिण्याबद्दल थोडंसं, कारण लोक तेही यातच कालवतात. वहीच्या डोक्यावर "चाल: अमुक" असं लिहून नवे शब्द बसवणं ही खंजिरी भजनाची जुनी रीत आहे, तिथं कुणी काही लपवत नाही. पण ती परवानगी चालीपुरती समजा. मूळ गाण्याचं ध्रुवपद फिरवून आपलं म्हणून छापायची सोय त्यात नाही. आणि "महाराज तं सगळ्यांचेच" हा युक्तिवाद छपाईत चालत नाही. 1957 च्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतो. महाराज 1968 साली गेले, म्हणजे 2028 संपेपर्यंत.

त्या पोराच्या तिसऱ्या कडव्यात "घामाचे मोती" होतेच. मी काढ म्हटलं, तो नाही म्हणाला. उचललेले नाहीत, नुसते शिळे आहेत, त्यामुळे माझा हट्ट तिथं चालला नाही. ते कडवं तसंच नाटकात जाणार आहे, आणि मला ठाऊक आहे की टाळी नेमकी तिथंच पडेल.