तिरका फोटो म्हणजे नक्की कोणता तिरका?

ब्लाउजचं किंवा कुर्त्याचं माप ठरवायला बायका फोटो पाठवतात आणि विचारतात, "माझा बॉडी टाइप कोणता?" फोटो तिरका आहे म्हटलं, की उत्तर येतं, "नाही हो, मी सरळच उभी आहे." इथेच घोळ होतो. अंग तिरकं असणं वेगळं आणि कॅमेरा तिरका असणं वेगळं.

अंग तिरकं केलं की रुंदी कमी दिसते. 45 अंश वळलात तर खांदे साधारण सत्तर टक्केच रुंद दिसतात. हे सगळ्यांना माहीत आहे, लग्नाच्या फोटोत सगळ्याच तशा उभ्या राहतात.

कॅमेऱ्याचा तिरकेपणा मात्र लक्षातच येत नाही. 160 सेंटिमीटर उंचीची एक बाई घ्या. तिचे पाय 75 सेंटिमीटर, म्हणजे उंचीच्या 47 टक्के. खांदे आणि नितंब समोरून सारखेच रुंद. दीड मीटरवर उभं राहून, फोन डोळ्यांच्या उंचीवर धरून, ती पूर्ण मावावी म्हणून खाली झुकवला, तर फोटोत पाय 38 टक्केच भरतात आणि खांदे नितंबांपेक्षा बारा टक्के रुंद दिसतात. तोच फोन गुडघ्याखाली धरून वर वळवला, तर पाय 53 टक्के आणि नितंब आठ टक्के रुंद. बाई तीच आणि उभीही तशीच, पण एका फोटोत ती उलटा त्रिकोण ठरते, दुसऱ्यात पेअर.

कारण साधं आहे: कॅमेऱ्यापासून जे दूर, ते लहान. फोन खाली झुकला की पाय दूर जातात. दोष लेन्सचा नाही, अंतराचा आणि झुकण्याचा आहे. "वाइड लेन्समुळे असं दिसतं" हे ऐकून मला कंटाळा आला आहे. वाइड लेन्स आपल्याला जवळ उभं राहू देते, एवढाच तिचा हात. चार मीटरवर मागे जाऊन तोच फोन डोळ्यांच्या उंचीवरून झुकवला, तर पाय 45 टक्के दिसतात, जवळजवळ खरे.

ओळखायचं कसं? मागची दाराची चौकट बघा. तिच्या उभ्या कडा खाली जवळ येत असतील तर फोन खाली झुकलेला होता, वर जवळ येत असतील तर वर. मागे कोरी भिंत किंवा पडदा असेल तर मी अंदाजही बांधत नाही. चौकट अ‍ॅपमध्ये सरळ करून घेतली तरी फोटो जवळून काढलेला असेल, तर पुढे आलेलं पोट किंवा छाती मोठीच राहते.

त्यामुळे माझा आग्रह एवढाच: फोन कमरेच्या उंचीवर, खाली-वर न झुकवता, तीन-चार मीटरवरून, हवं तर झूम करून. आणि कापड कापायचं असेल तर फोटो नकोच. टेप घ्या, खांदा, छाती, कंबर, सीट मोजा आणि आकडे पाठवा.