विवाहवर्षावरून पूर्वजाच्या जन्मवर्षाचा अंदाज

वंशावळीच्या शोधात लग्नाची नोंद सापडते, पण जन्माची सापडत नाही, अशा वेळी लग्नाच्या वर्षातून त्या काळचे लग्नाचे सरासरी वय वजा करून जन्मवर्षाचा अंदाज बांधतात. त्यातून मिळते ती शोध कुठून सुरू करायचा याची खूण. म्हणून वंशावळीत असे वर्ष ‘सु.’ लावूनच लिहावे.

वजाबाकी सोपी आहे, अडचण वय निवडण्यात आहे. ते त्या प्रदेशाचे, त्या काळाचे आणि पहिल्या लग्नाचेच हवे. लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन हायनाल यांनी १९६५ साली दाखवून दिले, की पश्चिम युरोपात लग्ने उशिरा होत आणि पूर्वेकडे बरीच लवकर. एका ठिकाणचा आकडा दुसरीकडे लावला तर उत्तर सहज पाच-सात वर्षांनी चुकते. शिवाय उशिरा झालेल्या थोड्या लग्नांमुळे सरासरी वर सरकते. निम्म्याहून अधिक वधू त्याआधीच विवाहित झालेल्या असतात.

इंग्लंडमधले एक काल्पनिक उदाहरण घेऊ. लग्न नोव्हेंबर १८५०, वधू अविवाहित. त्या सुमारास तिथे स्त्रियांच्या पहिल्या लग्नाचे सरासरी वय साधारण २५ होते, म्हणून जन्म सु. १८२५. आता कडा शोधायच्या. नोंदीत वयाच्या रकान्यात आकडा नसून ‘फुल एज’ लिहिले आहे, म्हणजे एकवीस किंवा अधिक. तेव्हा जन्म १८२९ च्या पुढचा नसावा. (घरच्यांची संमती टाळायला वय वाढवून सांगणारेही होतेच, त्यामुळे ही कड थोडी ढिलीच समजावी.) शेवटचे मूल १८६९ चे आहे. सत्तेचाळिशीनंतर अपत्यजन्म फार विरळ, म्हणजे आईचा जन्म १८२२ च्या आधीचा असण्याची शक्यता कमी. जून १८४१ च्या जनगणनेत ती वडिलांच्या घरी ‘१५’ वर्षांची दिसते. त्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहिण्याची सूचना होती, म्हणून हे १५ म्हणजे १५ ते १९, आणि जन्म १८२१ ते १८२६ च्या दरम्यानचा. सूचना सगळ्या गणकांनी पाळली नव्हती, पण इथे तिन्ही कडा जुळतात: १८२२ ते १८२६. बाप्तिस्म्याच्या नोंदी आधी याच वर्षांत चाळाव्यात.

नवऱ्याच्या बाबतीत हे गणित अधिक सैल पडते. पुरुषाला मूल होण्याच्या वयाला तशी वरची मर्यादा नाही, त्यामुळे शेवटच्या अपत्यावरून काही ठरत नाही. तो विधुर असेल तर सरासरी वय बाजूलाच ठेवावे. दुसरे लग्न तिशीतही होई आणि साठीतही. अशा वेळी त्याचे पहिले लग्न शोधून तिथून मागे मोजावे.