स्वयंचलन अ‍ॅप : बैठकीत फोन सायलेंट ठेवणारा नियम

ठरावीक परिस्थिती आली की ठरावीक काम फोनने आपणहून करावे, असे नियम वापरणाऱ्याला स्वतः लिहू देणारे अ‍ॅप म्हणजे स्वयंचलन अ‍ॅप. अँड्रॉइडवर टास्कर, मॅक्रोड्रॉइड आणि ऑटोमेट, तर आयफोनवर शॉर्टकट्स ही यातली परिचित नावे. बैठक सुरू झाली की फोन सायलेंट आणि संपली की पूर्ववत, या नियमापासून पुष्कळ जण सुरुवात करतात. या नोंदीत मुख्यतः त्याचाच विचार केला आहे. फोन गप्प करणे एका ओळीचे काम आहे. तो योग्य वेळी पुन्हा बोलता करणे मात्र अवघड असून नियम फसतात ते बहुधा तिथेच.

उगम : या कल्पनेचे मूळ कुठे धरावे याबद्दल एकमत नाही. एक मत नोकियाच्या फोनपर्यंत मागे जाते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या फोनवर ‘जनरल’, ‘सायलेंट’, ‘मीटिंग’, ‘आउटडोअर’ असे प्रोफाइल आले आणि पुढच्या काही मॉडेलांत ठरावीक वेळेपुरतेच प्रोफाइल लावण्याची सोयही मिळाली. पण तिथे प्रोफाइल निवडणारा माणूसच होता. बैठक आहे हे फोनला कळत नव्हते. दुसरे मत ‘घटना–अट–कृती’ या रचनेवर भर देऊन मूळ १९८० च्या दशकातील सक्रिय डेटाबेसच्या, म्हणजे माहिती बदलली की आपणहून काम करणाऱ्या डेटाबेसच्या, संशोधनात शोधते. रचनेपुरते ते बरोबर आहे, मात्र त्या नियमांना माणूस कुठे आहे, काय करतो आहे याच्याशी कर्तव्य नव्हते.

तिसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्राशी निगडित बिल शिलिट, नॉर्मन अ‍ॅडम्स आणि रॉय वॉन्ट यांनी १९९४ साली परिस्थितीची जाण ठेवणाऱ्या संगणनाचे चार प्रकार मांडले. त्यांतला चौथा प्रकार परिस्थितीमुळे आपोआप घडणाऱ्या कृतींचा असून, ‘जर अमुक, तर तमुक’ अशा साध्या नियमांनी त्या सांगाव्यात असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. आजच्या अ‍ॅपचा आराखडा जवळजवळ हाच आहे. सामान्य माणसाच्या फोनवर तो येण्यास २००८ उजाडावे लागले. त्या वर्षी एमआयटीच्या एका अभ्यासक्रमातून निघालेल्या ‘लोकेल’ अ‍ॅपला गूगलच्या पहिल्या अँड्रॉइड स्पर्धेत सर्वोच्च श्रेणीचे पारितोषिक मिळाले. जागेनुसार रिंगचा आवाज बदलणे हे त्याचे ठळक काम होते. त्याची प्लगइन पद्धत पुढे टास्करनेही स्वीकारली. टास्करचे मूळ कर्ते ली विल्मट. २०१८ पासून टास्कर झुआंव दियास यांच्याकडे आहे.

घटना आणि स्थिती : ‘बैठक सुरू झाली’ ही घटना आहे, ती एका क्षणी घडते. ‘बैठक चालू आहे’ ही स्थिती आहे, ती काही काळ टिकते. जस्टिन हुआंग आणि माया चाकमाक यांनी २०१५ मध्ये दाखवले, की नियम लिहिताना आणि वाचताना लोक या दोहोंत गल्लत करतात. फोन सायलेंट होण्याची वेळ संपली की तो आपोआप पूर्ववत होईल असे काही जण धरून चालतात, काही धरत नाहीत. अ‍ॅपमध्येही हा फरक आहे. टास्करमध्ये नियमाला प्रोफाइल म्हणतात आणि त्यातले कॅलेंडरचे प्रोफाइल स्थितीवर चालते. स्थिती खरी झाली की प्रवेशाचे काम होते, खोटी झाली की निर्गमनाचे. मॅक्रोड्रॉइडमध्ये बैठकीची सुरुवात आणि शेवट या दोन वेगळ्या घटना म्हणून पकडता येतात, त्यामुळे परतीचा नियम आठवणीने वेगळा लिहावा लागतो.

एक उदाहरण : लोअर परळच्या कार्यालयातील एखाद्या व्यक्तीच्या कॅलेंडरवर ११:०० ते ११:४५ आणि लगेच ११:४५ ते १२:३० अशा दोन बैठका आहेत, आणि त्याच दिवशी एका सहकाऱ्याच्या वाढदिवसाची दिवसभराची नोंदही आहे. नियमाचे नाव समजा Meeting.

पहिली अडचण वाढदिवसाची. नियमाला कॅलेंडरवरची कोणतीही नोंद चालत असेल, तर फोन दिवसभर मुका राहतो. यातही एक खूण आहे. अँड्रॉइड दिवसभराच्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत साठवतो. वाचणाऱ्या अ‍ॅपने ती वेळ स्थानिक तारखेत नीट बसवली नाही, तर मुंबईत ती नोंद पहाटे ५:३० ला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी पहाटे ५:३० ला संपते. फोन रोज बरोबर साडेपाचला सायलेंट होत असेल किंवा साडेपाचला सुटत असेल, तर दोष दिवसभराच्या नोंदीत शोधावा. उपाय दोन आहेत. नियम फक्त कार्यालयाच्या कॅलेंडरपुरता बांधावा आणि नोंदीवर ‘व्यग्र’ अशी खूण असेल तरच तो लागू व्हावा. गूगल कॅलेंडरमध्ये वेळ घातलेली नोंद मुळातच ‘व्यग्र’ धरली जाते, दिवसभराची सहसा ‘मोकळा’. कार्यालयाचे कॅलेंडर निराळ्या अ‍ॅपमध्ये असेल, तर त्याच्या नोंदी फोनच्या सामाईक कॅलेंडरमध्ये येत आहेत की नाही हेही पाहावे. तिथे न दिसणारी बैठक नियमालाही दिसत नाही.

दुसरी अडचण ११:४५ ची. त्या मिनिटाला एक बैठक संपते आणि दुसरी सुरू होते. घटनेवर चालणाऱ्या नियमांत कोणता आधी चालेल याची खात्री नसते. ‘सुरुवात’ आधी आणि ‘शेवट’ नंतर चालला, तर दुसरी बैठक रंगात आली असताना फोन वाजतो. म्हणून परतीच्या कामात आधी ६० सेकंद थांबावे आणि मग बैठकीची स्थिती अजून खरी आहे का ते तपासावे. टास्करमध्ये चालू प्रोफाइलांची नावे %PACTIVE या चलात, म्हणजे बदलती किंमत साठवणाऱ्या नावात, असतात, म्हणून पुढील अट जुळली तर परतीचे काम तिथेच थांबवायचे :

```
%PACTIVE ~ *,Meeting,*
```

तिसरी अडचण सर्वात खोल आहे. ‘पूर्ववत’ म्हणजे नेमके काय? बरेच जण परतीच्या कामात फोन सरळ आवाजावर टाकतात. पण बैठकीआधीच फोन जाणूनबुजून ‘डू नॉट डिस्टर्ब’वर ठेवला असेल, तर नियम तो निर्णय मोडतो. म्हणून प्रवेशाच्या कामात आधीची स्थिती %MeetPrev सारख्या चलात जपून ठेवावी आणि मगच फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’च्या priority या अवस्थेत टाकावा. टास्करचे %INTERRUPT हे चल ती स्थिती सांगते. काहीच अडवलेले नसेल तेव्हा त्याची किंमत all असते, निवडकांनाच वाट असेल तेव्हा priority. इथे एक काळजी घ्यायची. %MeetPrev रिकामे असेल तरच त्यात लिहावे. तसे न केल्यास दुसरी बैठक सुरू होताना नियमाने स्वतःच लावलेली priority ही किंमत ‘आधीची स्थिती’ म्हणून जपली जाते आणि फोन दिवसभर सुटतच नाही. दोन लागोपाठच्या बैठकांनंतरच फोन अडकतो, एकट्या बैठकीनंतर नाही, ही या चुकीची ओळख.

परतताना पुढील दोन्ही अटी जुळल्या तरच आवाज खुला करावा :

```
%MeetPrev ~ all
%INTERRUPT ~ priority
```

दुसरी अट वापरणाऱ्याच्या मधल्या हस्तक्षेपाचा मान राखते. बैठकीत त्याने फोन पूर्ण बंदिस्त केला असेल, तर नियम त्याला हात लावत नाही. शेवटी अटी जुळोत वा न जुळोत, %MeetPrev रिकामे करावे. प्रोफाइलच्या गुणधर्मांत टास्करची स्वतःची पूर्ववत करण्याची सोय असते. हा मार्ग घेतला तर ती बंद ठेवणे बरे, म्हणजे परतीच्या दोन यंत्रणांत भांडण होत नाही.

अँड्रॉइड १५ पासून हा प्रश्न खुद्द प्रणालीनेच निराळ्या रीतीने सोडवला आहे. त्या आवृत्तीसाठी बांधलेली अ‍ॅप ‘डू नॉट डिस्टर्ब’ची सार्वत्रिक स्थिती बदलू शकत नाहीत. प्रत्येकाने आपला स्वतंत्र नियम मांडायचा आणि सर्व चालू नियमांपैकी सर्वात कडक तो लागू. आपला नियम मागे घेतला की उरलेले आपोआप दिसू लागतात, त्यामुळे आधीची स्थिती जपण्याची गरजच राहत नाही. जुन्या पद्धतीपेक्षा हीच पद्धत शहाणपणाची वाटते.

‘सायलेंट’ऐवजी ‘डू नॉट डिस्टर्ब’ निवडण्याचे कारण त्यातल्या सवलती. तारांकित व्यक्तींचे फोन आणि १५ मिनिटांत त्याच व्यक्तीचा आलेला दुसरा फोन वाजू देता येतो. घरून तातडीचा फोन यायचा असेल, तर ही दुसरी सवलत चालू असलीच पाहिजे.

उशिरा सुटणारा फोन : बैठक १२:३० ला संपली, पण फोन हातात घेतल्यावरच सुटला, अशी तक्रार नेहमीची. अँड्रॉइड ६ पासून ‘डोझ’ ही बॅटरीबचत आहे. पडदा बंद, चार्जर काढलेला आणि फोन बराच वेळ हलला नाही की मागची कामे लांबणीवर पडतात. बैठकीच्या टेबलावर पालथा ठेवलेला फोन नेमका याच अवस्थेत असतो. कोणते काम कधी चालले ते दाखवणाऱ्या टास्करच्या धावनोंदीत परतीची वेळ १२:३१ ऐवजी १२:४४ दिसली, तर नियम बरोबर आहे आणि अडथळा डोझचा आहे असे समजावे. त्यासाठी अ‍ॅपला बॅटरीबचतीतून वगळावे आणि अँड्रॉइड १२ पासून वेगळी झालेली ‘अलार्म आणि रिमाइंडर’ची परवानगी द्यावी. काही कंपन्यांच्या फोनवर याशिवाय ‘ऑटोस्टार्ट’ही चालू करावे लागते. ते राहिले, तर फोन रिस्टार्ट झाल्यापासून एकही नियम चालत नाही आणि धावनोंद कोरी राहते.

जागेची अट : कॅलेंडरऐवजी कार्यालयाच्या जागेवर नियम बांधण्याचा मोह मुंबईत आवरलेला बरा. नकाशावरच्या वर्तुळाची त्रिज्या किमान १०० ते १५० मीटर ठेवावी अशी गूगलची शिफारस आहे. लोअर परळ किंवा प्रभादेवीला एवढ्या वर्तुळात रेल्वेमार्ग सहज येतो. सुसाट गेलेली फास्ट लोकल बहुधा निसटते, कारण पार्श्वभूमीत जागा काही मिनिटांच्या अंतरानेच तपासली जाते. सिग्नलला थांबलेली लोकल मात्र पकडली जाते आणि सुट्टीच्या दिवशी चर्चगेटला निघालेल्याचा फोन वाटेतच सायलेंट होतो. शिवाय वर्तुळाला मजला कळत नाही. तळमजल्यावरचे कँटीन आणि अठराव्या मजल्यावरची बैठकीची खोली त्याच्या लेखी एकच. जागा हवीच असेल, तर ती कॅलेंडरच्या जोडीला दुय्यम अट म्हणून घ्यावी आणि वर्तुळापेक्षा कार्यालयाच्या वायफायशी जोडणी पाहावी. त्यासाठीही फोनचे लोकेशन चालू लागते, एरवी अ‍ॅपला वायफायचे नावच वाचता येत नाही.

आयफोन : डिसेंबर २०१४ मध्ये आलेले ‘वर्कफ्लो’ अ‍ॅप अ‍ॅपलने २०१७ मध्ये विकत घेतले, २०१८ मध्ये ते ‘शॉर्टकट्स’ झाले आणि आपोआप चालणारे नियम २०१९ च्या आयओएस १३ मध्ये आले. वेळ, आगमन, वायफाय यांवर नियम बांधता येतो. आयफोनवर ‘डू नॉट डिस्टर्ब’सारख्या अवस्थांना फोकस म्हणतात. फोकस लावण्याच्या कृतीत ‘चालू नोंद संपेपर्यंत’ असा पर्याय असल्याने परतीचा नियम वेगळा लिहावा लागत नाही.