बोनसचा पैसा, पगाराचा पैसा: मनातल्या खात्यांचा इतिहास

पैशाला रंग नसतो, हे अर्थशास्त्राने फार काळ गृहीत धरलं होतं. रुपया कुठूनही आला तरी तो रुपयाच, म्हणून तो खर्च कसा होईल हे तो कुठून आला यावर ठरू नये. मिल्टन फ्रीडमन यांनी १९५७ मध्ये मांडलेला सिद्धांत याच वाटेवरचा होता. माणूस आयुष्यभराच्या कमाईचा अंदाज बांधून खर्च ठरवतो. त्यामुळे अचानक हाती आलेल्या रकमेतला बराचसा भाग तो बाजूला टाकेल आणि थोडाच खर्च करेल, असं त्यातून निघत होतं.

सिद्धांत पडताळायला अचानक आलेला पैसा हवा, आणि तो इतिहासाने पुरवला. अमेरिकन सरकारने १९५० मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना त्यांच्या आयुर्विम्यावर एक अनपेक्षित लाभांश दिला होता. रोनाल्ड बॉडकिन यांनी १९५९ मध्ये त्याचा हिशेब तपासला, तेव्हा त्या पैशातला मोठा हिस्सा चक्क खर्च झालेला दिसला. दोनच वर्षांनी मॉर्डेकाय क्रायनिन यांनी इस्रायलमधल्या कुटुंबांची आकडेवारी मांडली. नाझी अत्याचारांतून वाचलेल्यांना पश्चिम जर्मनीकडून भरपाई मिळत होती. इथे मात्र उलट चित्र होतं. भरपाईचा थोडाच भाग खर्च झाला होता, बाकीचा शिल्लक पडला होता.

या दोन निष्कर्षांचा मेळ बसण्याची वाट १९६६ मध्ये मायकेल लँड्सबर्गर यांनी दाखवली, आणि या विषयाच्या इतिहासातलं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं काम हेच. त्यांनी त्याच इस्रायली कुटुंबांचे भरपाईच्या रकमेनुसार गट पाडले. ज्यांना वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे ६६ टक्के एवढी मोठी रक्कम मिळाली, त्यांनी त्यातला साधारण २३ टक्केच भाग खर्च केला. ज्यांना सुमारे ७ टक्के एवढीच मिळाली, त्यांचा खर्च मिळालेल्या रकमेच्या दुपटीहून अधिक निघाला. दुप्पट म्हणजे कसं, असा प्रश्न पडतो. पण छोटी रक्कम हाती आली की माणूस तिच्यात पदरचे पैसे घालून बरेच दिवस मनात असलेली वस्तू घेतो, हे कुणाच्याही घरात पाहायला मिळेल. मोठी रक्कम आली की तिला पुंजीचं रूप येतं आणि हात आखडतो.

या निरीक्षणाला चौकट मिळाली ती रिचर्ड थेलर यांच्या लेखनातून. १९८० मध्ये त्यांनी ग्राहकाच्या प्रत्यक्ष वागण्यावर निबंध लिहिला आणि १९८५ मध्ये मनातल्या हिशेबाची, म्हणजे मेंटल अकाउंटिंगची कल्पना सविस्तर मांडली. हर्श शेफ्रिन यांच्यासोबत १९८८ मध्ये त्यांनी लोकांना एक साधा प्रश्न विचारला. २४०० डॉलर जादा मिळाले तर वर्षभरात त्यातले किती खर्च कराल? दरमहा २०० डॉलर असे वर्षभर मिळाले तर मधलं उत्तर १२०० आलं. तेच पैसे एकरकमी मिळाले तर ७८५. आणि तेवढीच रक्कम पाच वर्षांनी व्याजासकट वारसाहक्काने मिळणार असेल तर शून्य. थोडक्यात, दरमहा येणारा पैसा चालू खर्चाच्या खात्यात पडतो, एकरकमी आलेला शिलकीच्या खात्यात, आणि पुढे येणाऱ्याला तर हातच लावायचा नसतो.

मुंबईला हा वाद प्रयोगशाळेबाहेर ठाऊक होता. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत गिरणीमालकांनी काही वर्षं बोनस दिला. १९२३ चा बोनस नाकारला गेला आणि १९२४ च्या सुरुवातीला गिरण्या बंद पडल्या. मालकांच्या वहीत तो खुशीने दिलेला पैसा होता. कामगाराच्या घरात तो वर्षाच्या कमाईत धरला जात होता. मुख्य न्यायाधीश नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने कामगारांचा कायदेशीर हक्क सिद्ध होत नाही असं म्हटलं, पण प्रश्न मिटला नाही. अखेर १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला. पुढे किमान बोनस ८.३३ टक्के ठरला, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, एक महिन्याचा पगार. दरवर्षी ठरलेल्या वेळी येणारा पैसा अवचित राहत नाही, आणि लोक तो तसा धरतही नाहीत. दिवाळीच्या बोनसवर कपडे, फराळ आणि उधारी आधीच मांडलेली असते. ज्याच्या हातात महिनाअखेरीस काही उरत नाही, त्याने बोनस लगेच खर्च केला तर त्याला मनाची चूक म्हणणं अन्यायाचं आहे. ती गरज असते.

याच हिशेबाची दुसरी बाजू म्हणजे बुडीत खर्चाचा मोह. थेलर यांच्या १९८० च्या निबंधात एक कुटुंब आहे. त्याने ४० डॉलर देऊन साठ मैलांवरच्या बास्केटबॉल सामन्याची तिकिटं काढली आहेत. त्या दिवशी हिमवादळ येतं, तरी ते निघतं. तिकिटं फुकट मिळाली असती तर घरीच बसलं असतं. पैसे दिले की मनात एक खातं उघडतं, आणि ते तोट्यात बंद करणं माणसाला सोसत नाही. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये हे प्रत्यक्ष तपासलं. ओहायो विद्यापीठातल्या नाटकांचे हंगामी पास काहींना पूर्ण किमतीत, काहींना सवलतीत दिले; कुणाला काय, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण किंमत भरलेले प्रेक्षक जास्त नाटकांना आले. दुसऱ्या अर्ध्यात हा फरक विरला. पुढे १९९८ मध्ये जॉन गुरविल आणि दिलीप सोमण यांनी दाखवलं की व्यायामशाळेचं शुल्क भरल्यावर उपस्थिती वाढते आणि पुढचा हप्ता येईपर्यंत घसरत जाते. दिलेल्या पैशाचा सल काळानुसार बोथट होतो.

आपल्याकडे हा मोह सगळ्यात जास्त विमा पॉलिसीत दिसतो. ‘सहा हप्ते भरले, आता कशाला सोडायची?’ हे वाक्य कानावरून गेलेलं असतंच. उदाहरण धरू: वर्षाला ५०,००० रुपये हप्ता, मुदत १५ वर्षं, शेवटी १० लाख. पहिल्यापासून पाहिलं तर परतावा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पॉलिसी घेणं चुकलंच. सहा हप्त्यांचे ३ लाख भरून झालेत आणि आज मोडली तर १.६ लाख मिळतात. आता ते ३ लाख विसरून फक्त पुढचं मांडा. आज १.६ लाख सोडायचे, वर नऊ हप्ते भरायचे आणि नवव्या वर्षाच्या शेवटी १० लाख घ्यायचे. हा परतावा आठ टक्क्यांच्या वर जातो. इथे पॉलिसी चालू ठेवणंच फायद्याचं, कारण तोटा आधीच होऊन गेला आहे. मोडल्यावर १.६ लाखांऐवजी २.५ लाख मिळत असते, तर हाच परतावा सहा टक्क्यांच्याही खाली आला असता आणि मुदत ठेव बरी ठरली असती. दोन्ही वेळा भरलेले ३ लाख तेवढेच होते. म्हणून एजंटाकडे आधी आजची सरेंडर व्हॅल्यू आणि मुदतीअखेरची रक्कम लेखी मागावी. किती भरलं, हा आकडा त्या कागदावर लागतच नाही.