'बोर्दन' म्हणजे नेलं, की नेलं म्हणे? फारसीतल्या ऐकीव भूतकाळाची पार्श्वभूमी

आपण मराठीत तीन वाक्यं अगदी सहज वेगळी करतो. "त्यांना नेलंय." "त्यांना नेलेलं दिसतंय." "त्यांना नेलं म्हणे." पहिल्यात परिणाम समोर आहे, दुसऱ्यात खुणा बघून काढलेला अंदाज, तिसऱ्यात कोणीतरी सांगितलेलं. फारसीत या तिन्हींसाठी क्रियापदाचं एकच रूप पुरतं आणि साक्षीदाराचा जबाब इंग्रजीत नेताना सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

त्या रूपाला फारसी व्याकरणात माज़ी-ए नक़ली म्हणतात. माज़ी म्हणजे भूतकाळ, आणि नक़ली मधला नक़ल हा अरबी शब्द म्हणजे एकीकडून दुसरीकडे नेणं, सांगितलेलं पुढे सांगणं. तलाठ्याकडून आपण सातबाऱ्याची नक्कल काढतो ती याच शब्दातून आली. म्हणजे ऐकीवपणा नावातच आहे, तरी शाळेच्या पुस्तकात आणि परदेशी लोकांना फारसी शिकवताना हा काळ बहुतेक वेळा इंग्रजीचा प्रेझेंट परफेक्ट म्हणूनच शिकवला जातो, 'रफ्ते अस्त' म्हणजे 'ही हॅज गॉन', झालं. अनुवादक तेवढंच घेऊन कामाला लागतो.

शेजारच्या तुर्की भाषांमध्ये हा फरक फार आधी नोंदवला गेला होता. महमूद काशगरीने 1070 च्या दशकात बगदादमध्ये अरबीतून तुर्की भाषांचा कोश लिहिला, त्यात त्याने सांगितलंय की एक प्रत्यय बोलणाऱ्यासमोर घडलेल्या गोष्टीला लागतो आणि दुसरा त्याच्या पाठीमागे घडलेल्या. युरोप-अमेरिकेत हा विषय बराच उशिरा आला, 1911 मध्ये फ्रान्झ बोआसने अमेरिकेतल्या मूळ भाषांबद्दल लिहिताना आणि मग 1957 मध्ये रोमान याकोबसनने 'एव्हिडेन्शियल', म्हणजे माहिती कुठून कळली हे दाखवणारं क्रियापदाचं रूप, हा शब्द रूढ केला तेव्हा. फारसीकडे तर 1980 च्या दशकात नीट लक्ष गेलं. 1982 मध्ये गर्नोट विंडफूरने आणि 1985 मध्ये जिल्बेर लाझारने दाखवलं की 'मी-रफ्ते अस्त', जायचा म्हणे, आणि 'रफ्ते बूदे अस्त', गेला होता म्हणे, अशी रूपं नुसता काळ सांगत नाहीत, बोलणारा घटनेपासून एक पाऊल मागे उभा आहे हे सांगतात. लाझारने त्याला 'अंतर राखलेला भूतकाळ' असं काहीसं नाव दिलं, आणि मला ते 'ऐकीव'पेक्षा जास्त बरोबर वाटतं, कारण ऐकलेलं आणि अंदाजाने कळलेलं दोन्ही त्यात बसतं. हे फारसीने तुर्कीकडून घेतलं की तिचं स्वतःचं, यावर मतभेद आहेत, ते इथे सोडून देऊ.

तुर्कीत मात्र दोन रूपांपैकी एक निवडावंच लागतं. फारसीत तशी सक्ती नाही. इराणी माणूस ऐकलेली गोष्टसुद्धा साध्या भूतकाळात सांगू शकतो, सोबत 'मीगन' म्हणजे 'म्हणतात' किंवा 'गूया' म्हणजे 'बहुतेक' असं जोडतो, कधी तेही जोडत नाही. त्यामुळे साधा भूतकाळ दिसला म्हणजे साक्षीदाराने डोळ्यांनी पाहिलं असं धरायचं नाही, हे पक्कं डोक्यात ठेवावं लागतं.

आता एक खरी परिस्थिती घ्या. 1988 च्या उन्हाळ्यात इराणच्या तुरुंगांत हजारो राजकीय कैद्यांना फाशी दिली गेली, कराजजवळचा गोहरदश्त हा त्यातला एक तुरुंग. वाचलेल्यांनी पुढे अनेक ठिकाणी साक्षी दिल्या, ऑगस्ट 2021 ते मे 2022 स्टॉकहोममध्ये, या फाशींत सहभागाचा आरोप असलेल्या हमीद नूरीवर चाललेल्या खटल्यातही (तिथे भाषांतर स्वीडिशमध्ये होतं, प्रश्न तोच). या कैद्यांच्या डोळ्यांवर पट्टी असायची. काही त्यांनी पट्टीखालून पाहिलं, काही पावलांच्या आणि दारांच्या आवाजावरून ताडलं, काही भिंतीवर टकटक करून, मोर्सच्या सांकेतिक लिपीने, शेजारच्या कोठडीतून कळलं. म्हणजे एकाच माणसाच्या जबाबात तीन प्रकारची माहिती, आणि कोर्टाला प्रत्येक वाक्यागणिक हवं असतं की हे नेमकं कुठल्या प्रकारचं.

समजा अशा साक्षीदाराने म्हटलं, "बच्चेहा-ये बंद-ए बग़लो बोर्दन." बंद म्हणजे बराक, 'शेजारच्या बराकीतल्या पोरांना...' आणि पुढे बोर्दन. आघात, म्हणजे उच्चारातला जोर, 'बोर्' वर असेल तर साधा भूतकाळ, नेलं. आघात 'दन' वर असेल तर ते 'बोर्दे-अंद'चं बोलीतलं आखडलेलं रूप, म्हणजे नक़ली. लिहिताना अनेक लोक दोन्ही सारखंच लिहितात! आपल्या मराठी कानाला आघाताची सवय नाही आणि टाइप केलेल्या प्रतीत तो राहतच नाही, म्हणून रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय फक्त लिखित प्रतीवरून भाषांतर करणं धोक्याचं. एकवचनात बरं असतं, 'बोर्द' आणि 'बोर्दे' कानाला आणि डोळ्याला दोन्हीकडे वेगळे.

समजा कळलं की नक़ली आहे. मग इंग्रजीत काय लिहायचं? 'दे टुक देम' लिहिलं तर साक्षीदार प्रत्यक्षदर्शी होऊन बसतो, आणि उलटतपासणीत "तुम्ही तर पट्टी बांधून होतात" असं विचारलं की खोटारडा ठरतो, चूक त्याची नसताना. 'दे हॅड टेकन देम' लिहिलं तर इंग्रजी वाचणाऱ्याला फक्त आधी-नंतरचा क्रम दिसतो, ऐकीवपणा गायब. 'अपॅरंटली' म्हटलं की वकिलाला साक्षीदार स्वतःच साशंक वाटतो, खरं तर नक़लीत शंका नसते, माणसाला पूर्ण खात्री असूनही तो हे रूप वापरतो. आणि 'आय वॉज टोल्ड' हे सगळ्यात मोहक, पण सगळ्यात घातक, कारण कोणीतरी सांगितलं हे त्या क्रियापदात नाहीच, ते आपण पदरचं घातलेलं असतं. आवाजावरून ताडलेलं वाक्य आपल्या हातून ऐकीव पुरावा होतं, आणि इंग्लिश पद्धतीच्या फौजदारी कोर्टात ऐकीव पुरावा वगळला जाऊ शकतो, तर "मी पावलं ऐकली" ही त्याची स्वतःची साक्ष असते.

म्हणून क्रियापदातून जेवढं येतं तेवढंच इंग्रजीत न्यायचं, आणि उरलेलं उघड सांगायचं. लेखी जबाब असेल तर वाक्य शक्य तेवढं साधं ठेवून चौकटी कंसात अनुवादकाची टीप द्यायची, की इथे साक्षीदाराने वापरलेलं रूप 'स्वतः पाहिलेलं नसू शकतं' असं सुचवतं, ऐकलं की ताडलं ते सांगत नाही. टीप प्रत्येक वाक्याला नको. 'मन दीदे-अम', मी पाहिलंय, हेही नक़लीच आहे आणि तिथे ऐकीव काही नाही. टीप तिथेच द्यायची जिथे पाहिलं की नाही यावर काही अवलंबून आहे. माणूस समोर असेल तर दुभाष्याने स्वतः प्रश्न न घालता मुलाखत घेणाऱ्याला सांगायचं की हे रूप दोन-तीन अर्थांचं आहे, आणि त्याने विचारायचं, "अज़ कोजा मीदूनीद?", तुम्हाला कुठून कळलं?

वरच्या वाक्याला समजा उत्तर आलं, की रात्री दम्पाई, म्हणजे स्लिपरा, फरफटत गेल्याचा आवाज बराच वेळ येत होता आणि सकाळी पलीकडून मोर्सला उत्तर आलं नाही. आता इंग्रजीत लिहायचं ते हेच, स्लिपरांचा आवाज आणि सकाळची शांतता, आणि त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष निष्कर्ष म्हणून. 'रिपोर्टेडली' हा शब्द तिथे कुठेच येत नाही.